गट सापडले की पाडले? ग्राहकांच्या वर्गवारीमागचा शंभर वर्षांचा प्रश्न

१९२० साली नागपूर येथे भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस या अधिवेशनाला आले होते. तेथे त्यांची गाठ भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अॅनंडेल यांच्याशी पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन व्यक्तींच्या शरीरमापांचा मोठा साठा अॅनंडेल यांच्याकडे होता, आणि त्यातून काय निष्पन्न होते हे सांगणारा गणिती त्यांना हवा होता. महालनोबिसांनी ते काम स्वीकारले. आज एखादी कंपनी आपल्या लाखो ग्राहकांचे पाच-सहा गट पाडते आणि प्रत्येक गटाला एक नाव देते, तेव्हा तिच्यासमोर जो प्रश्न उभा राहतो, किंवा राहायला हवा, त्याचा एक धागा या भेटीपर्यंत मागे जातो.

महालनोबिसांपुढचा प्रश्न असा होता : दोन जनसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हे एका संख्येत कसे सांगावे? उंची सेंटिमीटरमध्ये मोजली काय आणि मीटरमध्ये मोजली काय, समूहांमधले अंतर बदलता कामा नये. शिवाय उंची आणि हाताची लांबी ही दोन मापे एकमेकांना बांधलेली असतात. उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात. दोन्ही मापे स्वतंत्र समजून बेरीज केली, तर एकच फरक दोनदा मोजला जातो. १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी या दोन्ही अडचणींवर उपाय दिला. प्रत्येक मापातला फरक त्या मापाच्या स्वाभाविक चढउताराच्या तुलनेत मोजायचा आणि मापांमधले परस्परसंबंध हिशेबात घ्यायचे. हेच ते जगभर 'महालनोबिस अंतर' म्हणून ओळखले जाणारे माप.

१९४१ साली तत्कालीन संयुक्त प्रांतात मोठे शरीरमापन-सर्वेक्षण झाले. त्याचा सांख्यिकीय अभ्यास महालनोबिस, मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार आणि सी. आर. राव यांनी १९४९ मध्ये 'सांख्य' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जाती-जमातींना शरीरमापांनी तोलणारी त्या काळची दृष्टी आज मागे पडली आहे. गणित मात्र टिकले. राव यांनी १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात या अंतरांवरून समूहांचे पुंजके बांधण्याची टॉकर यांची रीत दिली, आणि भारतातील पीकपैदासशास्त्रज्ञ आजही वाणांची वर्गवारी करताना ती वापरतात.

या साऱ्या कामात एक गोष्ट आधीपासून ठरलेली होती. समूह दिलेले होते. शोधायचे होते ते त्यांच्यातले अंतर. ग्राहकांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तेथे अंतराचे सूत्र आपण ठरवतो आणि त्यावरून समूह शोधतो. या उलट्या वाटेवर एक खड्डा आहे : समूह मुळात आहेतच, हे कोणीही सांगितलेले नसते.

ग्राहकांच्या वर्गवारीसाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी 'के-मीन्स' ही पद्धत या प्रश्नासाठी जन्मालाच आलेली नव्हती. पोलिश गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९५६ साली एखाद्या वस्तूचे भाग कसे पाडावेत हा प्रश्न मांडला, त्यात तिचे बीज आहे. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट लॉइड यांनी ती रीत संदेशवहनासाठी लिहून काढली; ते टिपण छापून प्रसिद्ध व्हायला १९८२ साल उजाडले. लॉइड यांना आवाजाचा विद्युत्संकेत मोजक्या पातळ्यांत बसवायचा होता. आवाजाची तीव्रता अखंड बदलते. तारेवरून मात्र ठरावीक पातळ्यांचेच आकडे पाठवता येतात. तेव्हा त्या पातळ्या कोठे ठेवाव्यात म्हणजे एकूण चूक कमीत कमी होईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पातळ्या किती, हे यंत्रणेच्या क्षमतेवरून ठरत असे. त्या 'खऱ्या' आहेत का, हे विचारण्याचे कारणच नव्हते. अखंड गोष्टीचे सोयीचे तुकडे पाडायचे होते आणि पद्धत ते उत्तम पाडत होती.

पद्धतीला आजचे नाव मिळाले ते जेम्स मॅक्क्वीन यांच्या १९६७ सालच्या निबंधात. कोणतीतरी एकमेव, अंतिम वर्गवारी शोधणे हा आपला हेतू नाही. पुष्कळ माहिती समजून घेण्यासाठी बऱ्यापैकी सारखेपणा असलेले गट हाती यावेत एवढेच अभिप्रेत आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. दरम्यान १९५६ साली वेंडेल स्मिथ यांनी विपणनशास्त्राला 'बाजाराचे विभाजन' ही कल्पना दिली होती. पुढे या दोन धारा एकत्र आल्या. संगणकाने पाडलेल्या तुकड्यांना 'निष्ठावान', 'काटकसरी', 'दुरावलेले' अशी नावे मिळू लागली, आणि मॅक्क्वीन यांची ती सावध ओळ मागे राहिली.

पद्धत प्रत्यक्षात काय करते ते एका छोट्या उदाहरणावरून पाहता येईल. एका दुकानाचे सहा ग्राहक आहेत अशी कल्पना करावी. त्यांनी वर्षात अनुक्रमे १, २, १०, ११, २० आणि २१ वेळा खरेदी केली. तीन गट हवे आहेत. प्रथम तीन आरंभकेंद्रे निवडायची. प्रत्येक ग्राहकाला सर्वांत जवळच्या केंद्राच्या गटात घालायचे. मग प्रत्येक गटाची सरासरी काढून केंद्र तेथे हलवायचे आणि ग्राहकांची पुन्हा वाटणी करायची. वाटणी बदलायची थांबली की काम संपले. गट किती घट्ट आहेत हे मोजण्यासाठी प्रत्येक ग्राहकाचे आपल्या केंद्रापासूनचे अंतर घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज करायची. ही बेरीज जितकी कमी तितके गट घट्ट.

आरंभकेंद्रे १, १० आणि २० अशी निवडली, तर पद्धत एक-दोन, दहा-अकरा आणि वीस-एकवीस या तीन जोड्यांवर स्थिरावते. बेरीज येते अवघी १.५. आता आरंभकेंद्रे १, २ आणि १० अशी घेऊ. दहा, अकरा, वीस, एकवीस हे चौघेही तिसऱ्या केंद्राकडे जातात आणि ते केंद्र सरकून १५.५ वर येते. दहा वेळा खरेदी करणारा ग्राहक या केंद्रापासून ५.५ दूर आहे, तर दुसऱ्या केंद्रापासून ८ दूर. म्हणून तो हलत नाही. कोणीच हलत नाही. पद्धत येथेच थांबते आणि बेरीज येते १०१. संगणक चूक झाल्याची कोणतीही खूण देत नाही. म्हणून जाणकार ही क्रिया वेगवेगळ्या आरंभकेंद्रांवरून अनेकदा चालवतात आणि सर्वांत कमी बेरजेचे उत्तर घेतात. दोन वेळच्या उत्तरांत मोठी तफावत आढळली, तर पहिल्या उत्तरावर विसंबणे किती धोक्याचे होते हे आपोआप कळते.

मग गट किती असावेत? गटांची संख्या वाढवावी तशी बेरीज घटतच जाते; प्रत्येक ग्राहकाचा स्वतंत्र गट केला तर ती शून्य होते. तेव्हा केवळ कमी बेरीज हा निकष होऊ शकत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९५३ सालच्या अध्यक्षीय भाषणात, म्हणजे लॉइड यांच्याही आधी, एक तोड सुचवली होती. कुटुंबात कोण मोडते, असा प्रश्नच त्यांनी शीर्षकात विचारला होता. गटांची संख्या वाढवत जावे, गटांतर्गत अंतर कसे घटते ते आलेखावर मांडावे, आणि घट जेथे एकदम मंदावते तेथे थांबावे, असा त्यांचा विचार होता. आलेख तेथे वाकलेल्या हातासारखा दिसतो, म्हणून पुढे या रीतीला 'कोपर-पद्धत' म्हणू लागले. वरच्या सहा ग्राहकांसाठी एक ते चार गटांच्या बेरजा ३६२.८, ८२.५, १.५ आणि १ अशा येतात. तीन गटांनंतर उरलेली घट नगण्य आहे. कोपर तीनवर आहे.

परंतु कोपर फसवेही असते. समजा, ग्राहकांच्या खरेद्या १, ५, ९, १३, १७ आणि २१ अशा आहेत. येथे गट मुळीच नाहीत. सारे ग्राहक समान अंतरावर ओळीने उभे आहेत. तरीही बेरजा येतात २८०, ६४, २४ आणि १६. हा आलेखही प्रथम झपाट्याने उतरतो आणि मग सपाट होत जातो. घाईत पाहणारा दोन किंवा तीनवर बोट ठेवून 'येथे कोपर आहे' असे म्हणेल. हा योगायोग नाही. एका रेषेवर एकसारख्या पसरलेल्या पुष्कळ ग्राहकांचे दोन गट पाडले की बेरीज सुमारे पाव होते, तीन पाडले की नवव्या भागावर येते, चार पाडले की सोळाव्या. शंभर, पंचवीस, अकरा, सहा असा हा उतार आहे. गट असोत वा नसोत, कोपर दिसतेच.

या अडचणीवरचा नेमका उपाय यायला २००१ साल उजाडले. टिब्शिरानी, वॉल्थर आणि हेस्टी या त्रयीने सुचवले की बेरीज किती घटली हे न पाहता, गट नसलेल्या तितक्याच माहितीत ती किती घटली असती याच्याशी तुलना करावी. संगणकाने त्याच पट्ट्यात यदृच्छेने पसरलेले काल्पनिक ग्राहक अनेकवार निर्माण करायचे, त्यांच्यावरही तीच पद्धत चालवायची आणि दोन्ही उतारांमधली तफावत मोजायची. या मापाला 'गॅप' म्हणतात. आपल्या दोन उदाहरणांत काल्पनिक ग्राहकांऐवजी समान अंतरावरच्या ओळीशीच तुलना करून कल्पना येते. दोन गटांवर खऱ्या जोड्यांची बेरीज मूळच्या २३ टक्क्यांवर येते. गटहीन ओळीचीही २३ टक्क्यांवरच येते. म्हणजे दोन गटांनी काहीच सिद्ध होत नाही. तीन गटांवर मात्र जोड्यांची बेरीज अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते, तर ओळीची ९ टक्क्यांच्या आसपास राहते. खरा फरक येथे उघडा पडतो.

या मापाचा दुसरा गुण म्हणजे ते 'एकच गट' हे उत्तर देऊ शकते. पीटर रूसीव यांचे १९८७ सालचे 'सिल्हूट' हे माप फार लोकप्रिय आहे. प्रत्येक ग्राहक स्वतःच्या गटाला किती जवळ आणि शेजारच्या गटापासून किती दूर, हे ते सांगते. परंतु शेजारचा गट असल्याशिवाय ते मोजताच येत नाही. दोन, तीन की चार यांपैकी चांगले कोणते ते सांगेल. 'मुळात गट नाहीत' हे वाक्य त्याच्या शब्दकोशातच नाही. सर्वाधिक सिल्हूट मिळालेली संख्या निवडली, एवढेच लिहून अहवाल संपतो, तेव्हा हा प्रश्न विचारलाच गेलेला नसतो.

गटांची संख्या ठरवण्याच्या आधीची पायरी मात्र महालनोबिसांचीच आहे. तीन ग्राहक घेऊ. पहिल्याने ६० दिवसांपूर्वी शेवटची खरेदी केली आणि वर्षात २०,००० रुपये खर्च केले. दुसऱ्याने ५ दिवसांपूर्वी खरेदी केली, खर्च २०,५०० रुपये. तिसऱ्याने ५८ दिवसांपूर्वी, खर्च २२,००० रुपये. आकडे जसेच्या तसे दिले तर पहिला ग्राहक दुसऱ्यापासून सुमारे ५०० अंतरावर आणि तिसऱ्यापासून २,००० अंतरावर येतो; रुपयांच्या मोठ्या आकड्यांखाली दिवस बुडून जातात. दिवसांतला स्वाभाविक चढउतार ३० आणि रुपयांतला ८,००० धरून तोच फरक मोजला, तर पहिल्या दोघांमधले अंतर १.८ येते आणि पहिल्या-तिसऱ्यामधले ०.३. दोन महिने दुकानात न फिरकलेले दोघे आता शेजारी दिसतात. ग्राहक तेच, माप बदलले आणि सोबती बदलले.

येथे महालनोबिसांना असलेली एक सोय ग्राहकांच्या अभ्यासकाला नसते. समूह आधीच ठाऊक असल्याने ते समूहाच्या आतला चढउतार मोजू शकत होते. ग्राहकांचे गट ठाऊक नसतात, म्हणून सर्वांचा मिळून चढउतार घ्यावा लागतो. एखाद्या मापात खरेच दोन दूरचे गट असतील, तर त्यांच्यामधली दरीच हा चढउतार फुगवते, आणि त्याने भागल्यावर सर्वांत उपयोगी मापच काहीसे आक्रसते. त्यामुळे प्रमाणीकरण हा यांत्रिक विधी ठरत नाही. कोणत्या मापाला किती वजन, हा निर्णय धंदा जाणणाऱ्याने जाणीवपूर्वक घ्यायचा असतो.

शेवटचा प्रश्न : पडलेल्या गटांना काही अर्थ आहे का? येथे एक चूक वारंवार होते. खर्चावरून गट पाडले जातात आणि मग गटांच्या सरासरी खर्चात लक्षणीय फरक असल्याचे कसोटी लावून 'सिद्ध' केले जाते. पद्धतीचे कामच तो फरक जास्तीत जास्त वाढवण्याचे होते. समान अंतरावर उभ्या असलेल्या ओळीचे दोन तुकडे केले तरी ही कसोटी उत्तीर्ण होईल. दुसरी तपासणी स्थिरतेची. ग्राहकांचे यदृच्छेने दोन भाग करून प्रत्येकावर स्वतंत्रपणे गट पाडायचे आणि ते जुळतात का पाहायचे. गट जुळले नाहीत तर ते टाकून द्यावेत. पण जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत. लांबलचक ओळ मध्यावर तोडली तर ती प्रत्येक वेळी त्याच मध्यावर तुटेल. म्हणून निर्णायक तपासणी तिसरीच : गट पाडताना वापरलेली नाही अशी एखादी गोष्ट त्या गटांत वेगळी निघते का?

यासाठी एक सार्वजनिक नमुना जगभरचे विद्यार्थी वापरतात. पोर्तुगालमधील एका घाऊक वितरकाच्या ४४० ग्राहकांची ही नोंद आहे. ताजा माल, दूध, किराणा, गोठवलेले पदार्थ, साबण-कागद आणि खास तयार खाद्यपदार्थ या सहा प्रकारांवरचा वार्षिक खर्च तीत आहे. ताज्या मालाचा सरासरी खर्च १२,००० आहे, तर मधला ग्राहक ८,५०४ वर आहे आणि सर्वांत मोठा १,१२,१५१ वर. अशा लांब शेपटीत अंतराचा वर्ग केला की मोजके बडे ग्राहक केंद्रांना आपल्याकडे ओढतात आणि स्वतःचा वेगळा गट करून बसतात. म्हणून आधी आकड्यांचे लघुगणक घेतात. त्यामुळे दुप्पट हा फरक एक हजारावर असो वा दहा हजारांवर, सारखाच मोजला जातो.

त्यानंतर दोन गट पाडले की एका बाजूला दूध, किराणा आणि साबण-कागद भरपूर घेणारे ग्राहक येतात, दुसऱ्या बाजूला ताजा आणि गोठवलेला माल घेणारे. या नोंदीत प्रत्येक ग्राहकाचा प्रकारही लिहिलेला आहे : २९८ हॉटेल-उपाहारगृहे आणि १४२ किरकोळ दुकाने. गट पाडताना ही माहिती झाकून ठेवलेली असते. तरीही दोन्ही गट बऱ्याच अंशी या दोन प्रकारांशी जुळतात. गटांना अर्थ असतो तो असा. मात्र येथे सापडलेला अर्थ वितरकाला आधीच ठाऊक होता; दुकानाची पाटी वाचूनही तो कळला असता. वर्गवारी खरी असणे आणि तिच्यातून नवे काही कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या धंद्याकडे अशी झाकलेली नोंद नाही, त्याने पुढचा काळ तपासावा. जानेवारी ते जूनच्या खरेदीवरून गट पाडावेत आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये कोण परतले ते मोजावे. केवळ शेवटच्या खरेदीची तारीख पाहून जितके सांगता आले असते, त्याहून गटांमुळे काहीच अधिक सांगता येत नसेल, तर गटांची नावे कितीही आकर्षक असोत, ती कागदावरच राहावीत. 'दुरावलेला' असा शिक्का बसलेल्या माणसाला सवलत नाकारली जाते किंवा निरोप जाणे थांबते, आणि मग तो खरोखरच दुरावतो. पद्धतीने पाडलेली रेघ तेव्हा माणसाच्या वाट्याला येते.

लॉइड यांच्या तारेवरील पातळ्यांना हा प्रश्न नव्हता. सोयीचे तुकडे पुरेसे होते. ग्राहकांच्या बाबतीतही ते कधीकधी पुरतात. विक्रेत्यांत काम वाटून देण्यासाठी अखंड ओळीचे चार समान भाग केले तर त्यात गैर काही नाही, फक्त ते आपण पाडलेले आहेत हे अहवालात लिहिलेले असावे. महालनोबिसांचा जन्मदिवस, २९ जून, देशात राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. समूह हाती असतानाही त्यांच्यातले अंतर कसे मोजावे याची त्यांनी सोळा वर्षे उकल केली. त्यांच्या मोजपट्टीवरून समूहच शोधायला निघालेल्याने निदान एक प्रश्न आधी विचारावा : गटच नसते, तर हा आलेख वेगळा दिसला असता का?